लिफ्टचं एएमसी थांबवायचंय: वेळेत नोटीस, मधेच टर्मिनेशन, की पैसेच द्यायचे नाहीत?

सोसायटीच्या लिफ्टचं एएमसी, म्हणजे वर्षभराच्या देखभालीचं काँट्रॅक्ट, संपत आलं की कमिटीत कुणीतरी म्हणतंच, संपू दे ना मार्चमध्ये, मग नवीन एजन्सी बघू. पण बऱ्याच कंपन्यांच्या काँट्रॅक्टमध्ये ते आपोआप संपतच नाही. शेवटच्या पानांवर कुठेतरी लिहिलेलं असतं की मुदत संपायच्या किमान 60 (कुठे 30, कुठे 90) दिवस आधी लेखी कळवलं नाही तर काँट्रॅक्ट पुढच्या मुदतीसाठी त्याच अटींवर चालू राहील, आणि रेट वाढवून. म्हणून सगळ्यात आधी तो क्लॉज काढून वाचा, कारण जर तिथे 'दोघांच्या संमतीने नूतनीकरण' असं असेल तर नोटीसची गरजच नाही, सही केली नाही की विषय संपला. आपोआप वाढणारं असेल तर तुमच्यापुढे तीन रस्ते आहेत, आणि तिघांचा खर्च खूप वेगळा आहे.

आकडे घेऊन बघू

समजा दोन लिफ्टचं एएमसी वर्षाला 1,20,000 रुपये (जीएसटी वेगळा, तो सध्या बाजूला ठेवू), 1 एप्रिल 2026 ला सुरू, 31 मार्च 2027 ला संपतंय, नोटीस 60 दिवस आधी, नूतनीकरणाला 10 टक्के वाढ. म्हणजे काही न करता बसलात तर पुढचं वर्ष 1,32,000 ला पडणार. दुसऱ्या एजन्सीचं कोटेशन तेवढ्याच कामाचं 1,05,000 आहे.

पहिला रस्ता, वेळेत नोटीस. मुदत संपली की जुनं बंद, 1 एप्रिलपासून नवीन चालू. वर्षाचे 27,000 वाचतात आणि जुन्या कंपनीला एक पैसाही जास्तीचा द्यावा लागत नाही.

दुसरा रस्ता, तारीख हुकली, मे महिन्यात लक्षात आलं, मग मधेच टर्मिनेट करायचं. त्यासाठी वेगळा क्लॉज असतो, समजा 90 दिवसांची नोटीस आणि उरलेल्या मुदतीच्या रकमेचे 25 टक्के. 1 जूनला नोटीस दिली तर काँट्रॅक्ट ऑगस्टअखेर सुटतं. तोवरचे पाच महिने 11,000 प्रमाणे 55,000 तर द्यायचेच, वर उरलेल्या सात महिन्यांच्या 77,000 चे 25 टक्के म्हणजे 19,250. आता नवीन एजन्सी महिन्याला 8,750 घेते, म्हणजे महिन्याला 2,250 ची बचत, सात महिन्यांची 15,750. वाचले 15,750 आणि गेले 19,250! नुसत्या पैशासाठी हा रस्ता परवडतच नाही, सर्व्हिस इतकी वाईट असेल की लोक लिफ्टमध्ये अडकताहेत तरच त्याचा विचार करावा, आणि तेव्हा सुद्धा 'आम्हाला नको' या क्लॉजखाली न जाता 'तुम्ही काँट्रॅक्ट पाळलं नाही' या क्लॉजखाली जावं कारण तिथे सहसा हा दंड लागत नाही. मात्र त्यासाठी कंप्लेंट नंबर, तारखा, मेकॅनिकने सही केलेल्या सर्व्हिस स्लिपा हे सगळं जपलेलं पाहिजे. भारतीय करार कायद्याचं कलम 74 असं आहे की काँट्रॅक्टमध्ये लिहिलेली भरपाईची रक्कम ही वरची मर्यादा असते, कोर्ट त्याच्या आत वाजवी वाटेल तेवढीच देतं, त्यामुळे 25 टक्क्यांवर वाटाघाट जरूर करा, पण 19,000 साठी कोर्टात जाणं कुठल्याच सोसायटीला परवडणार नाही हे पण खरं.

तिसरा रस्ता, काही कळवायचंच नाही, फक्त बिल भरायचं नाही. हा सगळ्यात सोपा वाटतो म्हणून लोक तोच धरतात आणि माझ्या मते हाच सगळ्यात वाईट. काँट्रॅक्ट चालूच राहतं, बिलं साठत जातात, थकबाकी आहे म्हणून कंपनी माणूस पाठवत नाही, आणि लिफ्ट बंद पडली की चौथ्या मजल्यावरच्या आजींना जिन्याने उतरावं लागतं. लिफ्ट ही अशी वस्तू नाही की दोन महिने बिना मेंटेनन्स ठेवली तरी चालेल. वर कंट्रोलरचा पासवर्ड किंवा सर्व्हिस टूल जुन्या कंपनीकडेच असतं, वाद पेटलेला असताना ते कोण देणार?

नोटीस दिली म्हणजे संबंध तोडला असं नाही

कमिटीतले लोक नोटीसला घाबरतात कारण त्यांना वाटतं आता उरलेले दोन महिने सर्व्हिस मिळणार नाही. थोडी ढिलाई होते कधीकधी, नाही म्हणत नाही, पण मुदत संपेपर्यंत सर्व्हिस देणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. आणि नोटीस दिल्यावर बहुतेक वेळा सेल्सवाल्याचा फोन येतोच की रेटचं बघू, बसून बोलू. तेव्हा तुम्हाला हवं असेल तर त्याच कंपनीशी नवीन काँट्रॅक्ट करता येतं, कमी रेटने, आणि आपोआप वाढण्याचा क्लॉज काढून. नोटीस न देता हीच बोलणी केली तर फरक एवढाच की त्यांना माहीत असतं तारीख गेली की तुम्ही अडकलात, मग ते जानेवारीभर 'वर विचारून सांगतो' करत राहतात. म्हणून अजून निर्णय झाला नसेल तरी नोटीस द्या असंच मी सांगेन.

फक्त ती नोटीस गोलमाल नको. 'रेट कमी केले नाहीत तर आम्ही नूतनीकरण न करण्याचा विचार करू' ही नोटीस नाही, ही नुसती धमकी झाली आणि कंपनी बरोबर तेच म्हणेल. एवढंच लिहा: अमुक तारखेचं, अमुक नंबरचं काँट्रॅक्ट 31 मार्च 2027 ला संपत आहे, क्लॉज अमुकप्रमाणे कळवतो की सोसायटी त्याचं नूतनीकरण करणार नाही, त्या तारखेनंतर ते संपुष्टात येईल, मिळाल्याची पोच द्यावी. रेटबद्दल बोलायचं तर वेगळ्या मेलमध्ये बोला. कमिटीच्या ठरावाचा नंबर टाका आणि काँट्रॅक्टवर ज्यांच्या पदाने सही आहे त्याच पदाची सही घ्या, बहुतेक चेअरमन किंवा सेक्रेटरी.

तारीख मोजताना

31 मार्च 2027 च्या 60 दिवस आधी म्हणजे 30 जानेवारी. तो शनिवार आहे, समोरचं ऑफिस बंद असू शकतं. आणि क्लॉजमध्ये नोटीस 'पाठवली' पाहिजे की 'मिळाली' पाहिजे हे बघा, मिळाली असं असेल तर 30 ला पोस्टात टाकलेलं पत्र फुकट गेलं. जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात नोटीस निघाली पाहिजे असं धरून चाला, म्हणजे डिसेंबरच्या मीटिंगमध्ये ठराव, कोटेशन नोव्हेंबरमध्ये. पण फार आधी पण नको, काही काँट्रॅक्टमध्ये खिडकी असते, '90 दिवसांहून आधी नाही आणि 60 दिवसांहून उशिरा नाही', तिथे ऑक्टोबरमध्ये दिलेली नोटीस ते मोजणार नाहीत.

मेल की पोस्ट

काँट्रॅक्टमध्ये नोटीस कशी द्यायची हे लिहिलेलं असतं, तेच चालतं. पत्ता बहुतेक कंपनीच्या रजिस्टर्ड ऑफिसचा असतो, तुमच्या भागातल्या ब्रँचचा नाही, आणि मेकॅनिकला किंवा सेल्सवाल्याला व्हॉट्सअॅप केलं आणि निळी टिक आली याला नोटीस म्हणता येत नाही. मेल लगेच पोचतो, तारीख-वेळ छापलेली असते, पण काँट्रॅक्टमध्ये मेल चालेल असं नसेल तर कंपनी हात वर करते. पोस्टाला दिवस लागतात पण पोच पक्की. 2025 मध्ये रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालंय, त्यामुळे आता काउंटरवर स्पीड पोस्ट सांगून त्यावर रजिस्ट्रेशन आणि पोचपावती मागून घ्यायची, आणि ट्रॅकिंगचं 'डिलिव्हर झालं' हे पान लगेच सेव्ह करून ठेवायचं. मी तरी दोन्ही करायला सांगते, एकाच दिवशी, सही केलेल्या पत्राचा पीडीएफ मेलला जोडून, मेलमध्ये स्पीड पोस्टचा नंबर टाकून. शंभर-दीडशे रुपयांचा पण खर्च नाही.

सॉफ्टवेअरचं असेल तर

सोसायटीचं अकाउंटिंग सॉफ्टवेअर किंवा ऑफिसचं लायसन्स असेल तर रस्ते हेच पण जोर वेगळ्या जागी. इथे बरेचदा पत्र लागत नाही, अॅडमिनच्या पानावर आपोआप नूतनीकरणाचं बटण बंद केलं की झालं, मग त्या पानाचा स्क्रीनशॉट आणि आलेला कन्फर्मेशन मेल ठेवा. उलट चुकलं तर सुटायला वेळ फार कमी असतो, मायक्रोसॉफ्ट 365 च्या बिझनेस प्लॅनला नूतनीकरणानंतर 7 दिवसांत रद्द केलं तर उरलेल्या दिवसांचे पैसे परत मिळतात, त्यानंतर मुदत संपेपर्यंत अडकलात, आणि युजर कमी करायचे असतील तर ते पण त्याच वेळात.

कार्डवरचं मँडेट, म्हणजे पैसे आपोआप कापायला दिलेली परवानगी, रद्द करणं हा वेगळा प्रकार. रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे पैसे कापायच्या 24 तास आधी मेसेज येतो आणि 15,000 च्या वरच्या व्यवहाराला साधारण दरवेळी ओटीपी लागतो, पण यावर विसंबू नका, पैसे कापले गेले नाहीत म्हणून काँट्रॅक्ट संपलं असं होत नाही, मोठ्या लायसन्सला कंपनी इनव्हॉइस पाठवून वसुली मागू शकते. आणि सॉफ्टवेअर बंद व्हायच्या आधी डेटा उतरवून घ्या, लेजर, मेंबरची थकबाकी, जुनी बिलं सगळं.

लिफ्टला याच जागी हँडओव्हर येतो. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात जुनी आणि नवी एजन्सी दोघांचे माणसं एकत्र बोलावून रोप, ब्रेक, दरवाजाचे लॉक, वीज गेल्यावर लिफ्ट जवळच्या मजल्यावर आणणाऱ्या एआरडीची बॅटरी यांची स्थिती कागदावर लिहून सह्या घ्या, नाहीतर एप्रिलमध्ये नवीन एजन्सी म्हणणार हे आधीपासूनच खराब होतं, पार्टचे पैसे वेगळे.

तारीख गेलीच असेल तर

तरी लगेच दुसऱ्या दिवशी लिहा, दोन-चार दिवसांचा उशीर असेल तर बऱ्याच कंपन्या पुढचा धंदा डोळ्यासमोर ठेवून मान्य करतात, पण ते मान्य केल्याचं लेखी घ्या. दुसरं, कंपनीने स्वतःहून नवीन रेटचं कोटेशन पाठवून 'सही करून परत पाठवा' म्हटलंय का ते शोधा, कारण आपोआप नूतनीकरण झालं असेल तर परत सही कशाला मागितली, हा मुद्दा तुमच्या बाजूचा आहे. आणि हे सगळं मिटेपर्यंत खजिनदारांना स्पष्ट सांगून ठेवा की नवीन वर्षाचं बिल नेहमीसारखं भरून टाकू नका, भरलं की तुम्ही नूतनीकरण मान्य केलं असाच अर्थ कंपनी काढणार. एप्रिलनंतर सर्व्हिस घेतच असाल तर तेवढ्या महिन्यांचे पैसे 'हक्क राखून' असं लिहून द्या, पूर्ण वर्षाचे नाही.