ओसरीची भिंत पुन्हा उभी करताना: हगिन आणि गिम्पचा आठ महिन्यांचा अनुभव

आमचा नारायण पेठेतला वाडा 2011 साली पाडला. ताई तेव्हा मेलबर्नला होती, तिला शेवटचं पाहताही आलं नाही. दोघींकडे मिळून एकोणीस फोटो निघाले, पण अख्खी ओसरी एकातही नाही. कुठे देवळी, कुठे जिन्याचा कठडा, कुठे कुणाच्या तरी मुंजीतली गर्दी आणि मागे भिंतीचा तुकडा. हे तुकडे जोडून एकच चित्र करायचं ठरवलं आणि त्यासाठी हगिन व गिम्प ही दोन मोफत सॉफ्टवेअर वापरली. जुन्या घराचं असंच काही करायचं मनात असेल त्यांच्यासाठी लिहितेय.

आधी स्कॅनिंग. साडेतीन बाय पाच इंचांचे प्रिंट 600 डीपीआयला स्कॅन केले की साधारण 2100 बाय 3000 पिक्सेल मिळतात, एवढे पुरतात. खरखरीत कागदावरच्या प्रिंटमध्ये मात्र मधमाश्यांच्या पोळ्यासारखी चमक येते. असा प्रिंट एकदा सुलटा आणि एकदा 180 अंशांत फिरवून स्कॅन केला, दोन्ही स्कॅन एकमेकांवर बसवून सरासरी काढली, तेव्हा चमक बरीच मावळली.

हगिन मुळात एका जागी उभं राहून कॅमेरा फिरवत काढलेले फोटो जोडण्यासाठी आहे. आमचे फोटो वेगवेगळ्या वर्षी, वेगवेगळ्या माणसांनी, वेगवेगळ्या जागांवरून काढलेले. पहिल्या महिन्यात सगळे एकदम घातले तर चित्राची नुसती लापशी झाली. मग लक्षात आलं, की सपाट भिंत कुठूनही काढलेली असली तरी जुळवता येते. भिंतीपुढे जे काही उभं आहे ते जुळत नाही. आमच्या ओसरीचे सागवानी खांब भिंतीपासून चांगले पाच फूट पुढे होते. दोन फोटोंत तोच खांब भिंतीच्या वेगवेगळ्या भागापुढे दिसणार, हे उघड आहे. म्हणून आम्ही हगिनमध्ये फक्त भिंत जोडली आणि खांब नंतर गिम्पमध्ये वेगळ्या लेअरवर ठेवला.

स्कॅनमध्ये लेन्सची माहिती नसते, त्यामुळे फोटो घेताना हगिन विचारतं की कॅमेऱ्याला किती अंश दिसत होतं. वडिलांच्या कॅमेऱ्याला 50 मिमीची लेन्स होती. 35 मिमी फिल्मवर आडव्या फोटोला ते साधारण 40 अंश होतात, तेवढे भरले. आपोआप जुळवणीचा उपयोग झाला नाही, कारण ती भिंत सोडून साड्यांच्या नक्षीवर बिंदू शोधत बसली. शेवटी प्रत्येक जोडीला बारा-पंधरा बिंदू हाताने दिले: देवळीचे कोपरे, खुंट्या, गिलाव्याची एक वाकडी भेग. मग सर्वांत मोठी चूक वर येईल अशी बिंदूंची यादी लावून पाहायची. सर्वांत वर जे बिंदू येतात ते बहुतेक वेळा भिंतीवर नसतातच, दाराच्या चौकटीवर किंवा खांबावर असतात. ते काढले की सरासरी चूक अडतीस पिक्सेलवरून चारावर आली.

आणि मग पुराची रेघ. 12 जुलै 1961 ला पानशेत फुटलं तेव्हा आमच्या ओसरीत पाणी शिरलं होतं. पाणी उतरल्यावर भिंतीवर जो मळकट पट्टा राहिला, त्याच्या वरच्या कडेवर आजोबांनी गेरूने रेघ ओढली. दर दिवाळीला भिंतीला रंग लागायचा, पण ब्रश रेघेच्या वर आणि खाली थांबायचा. आमचा जन्म त्यानंतरचा. आमच्यासाठी ती उंची मोजायची रेघ होती. पाण्याची पातळी सगळीकडे सारखीच असते, त्यामुळे ही रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत खरीखुरी आडवी होती. हगिनमध्ये रेघेवर दोन-दोन बिंदू देऊन ती आडवी आहे असं सांगता येतं. ते केलं आणि तिरपा झालेला 1974 चा तुकडा सरळ जागेवर बसला. मी स्क्रीनकडे बघत राहिले. ताईला फोन लावला तर ती म्हणाली, "आजोबांनी ओळंबा लावून दिला गं आपल्याला."

तिसऱ्या महिन्यात आमचं भांडण झालं. जिना देवळीच्या डावीकडे होता असं ताई म्हणत होती आणि माझ्यासमोरच्या फोटोत तो चक्क उजवीकडे होता. मी म्हटलं, तुला तिकडे जाऊन तीस वर्षं झाली, विसरली असशील. हे बोलायला नको होतं. ती दोन दिवस बोलली नाही. मग तिचा मेसेज आला: "आईचा पदर बघ." मी फोटो मोठा केला. जिन्याच्या पायरीवर आई सूप घेऊन बसली आहे आणि तिचा पदर उजव्या खांद्यावर आहे. नथही उजव्या बाजूला. आईने जन्मात कधी उजव्या खांद्यावर पदर घेतला नाही. प्रिंट काढताना निगेटिव्ह उलटी लागली होती आणि इतकी वर्षं अल्बममध्ये कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. गिम्पमध्ये `Flip Horizontally` केलं आणि त्या फोटोत रेघेच्या वर दिसणारी वाकडी भेग शेजारच्या फोटोतल्या भेगेला जाऊन मिळाली. तुमच्याकडे एखादा तुकडा काही केल्या बसत नसेल तर आधी पदर, शर्टाची बटणं आणि घड्याळाचा हात बघा.

फाइल वाटून घेण्याबद्दल. लेअरसकट `.xcf` फाइल आमची साडेतीनशे एमबीच्या पुढे गेली. चॅटवर फोटो म्हणून पाठवलं तर बारीक होऊन जातं, म्हणून सामायिक फोल्डर केलं. एका रात्री दोघींनी एकच फाइल उघडून काम केलं आणि तिचा आठवडाभराचा कठडा गेला. तेव्हापासून नावात क्रमांक आणि फाइल कुणाच्या हातात आहे ते लिहितो: `osari_23_tai.xcf`. इथे दुपारचे अडीच म्हणजे तिच्याकडे हिवाळ्यात संध्याकाळचे सात. तीच आमची देवाणघेवाणीची वेळ.

जे कुठल्याच फोटोत नाही ते ताईने पेन्सिलीने काढून पाठवलं: कंदिलाची खुंटी, जिन्याखालची कोळशाची पेटी. ते फोटोत मिसळून टाकावं असं तिला वाटत होतं, मला नाही. आता "आठवण" नावाचा वेगळा लेअर आहे, 40 टक्के गडद. तो बंद केला की उरतं ते फक्त कॅमेऱ्याने पाहिलेलं. माझ्या मते आठ महिन्यांतला हा सर्वांत चांगला निर्णय, कारण पदराच्या प्रकरणानंतर कुठली गोष्ट कुठून आली हे कळणं आम्हा दोघींनाही हवंय.

हगिन शिकायला वेळ लागतो. चिकाटी नसेल तर दोन फोटोंच्या पुढे जाणार नाही. रंगांचंही ते सगळं करत नाही. 1974 चा पिवळट भाग आणि 1982 चा लालसर भाग गिम्पमध्ये `Curves` वापरून हातानेच जवळ आणावे लागले, आणि सांधा अजून दिसतो. तो आम्ही तसाच ठेवलाय.

जिन्यामागचा कोपरा अजून रिकामा आहे. तिथे पायऱ्या अकरा की बारा यावर एकमत नाही. चिंचवडच्या आत्तेबहिणीकडे तिच्या बारशाचा एक फोटो आहे म्हणतात, रविवारी स्कॅनर घेऊन जाणार आहे. ताईने बजावलंय, आधी बटणं बघ.