दवाखान्याचा डॅशबोर्ड, आठ महिन्यांनंतर: चौदा आकड्यांतले चार उरले

मी खान्देशातल्या एका तालुक्याच्या गावी तीन डॉक्टरांच्या दवाखान्याचा कारभार बघतो. रोजची ओपीडी ऐंशी-नव्वदची, बाजाराच्या दिवशी सव्वाशेच्या वर. नोव्हेंबरात मोठ्या डॉक्टरांच्या भाच्याने गूगल शीटवर एक डॅशबोर्ड बनवून दिला. रंगीत, देखणा, चौदा आकड्यांचा. आज जून आहे आणि त्यातले चारच उरलेत. कुठले उरले आणि बाकीचे का गेले, हे सांगण्यासाठी हे लिहितोय. कोणी असं काही बसवायच्या विचारात असेल, तर आमचे पहिले तीन महिने वाया गेले तसे त्याचे तरी जाऊ नयेत.

पहिल्या चौदांत एकूण रुग्ण, नवे, जुने, डॉक्टरवार रुग्ण, पुरुष-स्त्री, वयोगट, रोजची जमा, सरासरी बिल, समाधानाचे तारे असं सगळं होतं. महिनाभर मी सकाळी आल्या आल्या स्क्रीन बघायचो, मान हलवायचो आणि कामाला लागायचो. एका सोमवारी मी एकेका खणापुढे पेन्सिलीने लिहायला बसलो की हा आकडा उद्या बिघडला तर मी नेमकं काय करीन. पुरुष-स्त्री प्रमाणापुढे काही लिहिता येईना. वयोगटापुढेही नाही. ताऱ्यांपुढे तर हसूच आलं, कारण टॅब काउंटरवरच्या ताईंच्या हातात आणि रुग्ण त्यांच्यासमोर उभा, मग पाचपेक्षा कमी कोण देणार? डॉक्टरवार रुग्णसंख्येने उलट नुकसानच केलं. धाकट्या डॉक्टरांना तो खण टोचायला लागला. स्क्रीनवरून तो मी सगळ्यात आधी काढला.

उरले ते थांबण्याचा वेळ, बीपी-शुगरच्या रुग्णांचं वेळेवर परत येणं, जुनी उधारी आणि बिल-जमेचा फरक. चौघांपुढेही पेन्सिलीने काहीतरी लिहिता आलं होतं. पण आकडा निवडला म्हणजे झालं असं नसतं. पहिल्या दोघांनी मला चांगलंच फसवलं.

आधी थांबण्याच्या वेळेचं सांगतो. नंबर घेतल्यापासून डॉक्टरांनी आत बोलावेपर्यंतची मिनिटं, इतकी साधी व्याख्या. काउंटरवर दोन वेळा टाकायच्या आणि शीट वजाबाकी करणार. पहिल्याच दिवशी सगळे आकडे ०.०२, ०.०१ असे आले, कारण शीटमध्ये वेळ म्हणजे दिवसाचा अपूर्णांक असतो. मिनिटं हवी असतील तर १४४० ने गुणावं लागतं:

```
=(E2-D2)*1440
```

मग काही आकडे उणे यायला लागले. दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी ताई 1:10 टाकत, आणि शीट ते रात्रीचं समजे. आता त्या हाताने वेळ टाकतच नाहीत, Ctrl+Shift+; दाबतात, चालू वेळ आपोआप पडते. या एका बदलाने निम्मी कटकट संपली.

खरी गोची सरासरीची होती. मॅडम डॉक्टरांच्या ओपीडीतली एक सकाळ मी हाताने मांडून बघितली. नऊ रुग्णांची मिनिटं अशी: १२, १५, १८, २०, २२, २५, २८, ३५ आणि १४०. बेरीज ३१५, सरासरी ३५. म्हणजे स्क्रीन सांगत होता की लोक पस्तीस मिनिटं ताटकळले. प्रत्यक्षात पस्तीसला पोहोचलेले दोघेच, आणि त्यातल्या १४० वाल्या बाई नंबर लावून बाजार करायला गेल्या होत्या. मधला आकडा, म्हणजे ओळीने लावून पाचवा, २२ येतो, आणि त्या सकाळचं खरं चित्र तेच होतं. तेव्हापासून सरासरी बंद करून मधला आकडा ठेवला. मात्र त्यात दोन तास बसलेला म्हातारा दिसत नाही, म्हणून शेजारी तासापेक्षा जास्त थांबलेल्यांची संख्या:

```
=MEDIAN(F2:F200)
=COUNTIF(F2:F200,">60")
```

दुसऱ्या आकड्यातले लोक मी नावानिशी बघतो. नंबर लावून गेलेले वेगळे काढतो आणि उरतात त्यांच्याकडे लक्ष देतो. "भाऊ, मना नंबर कव्हय लागी?" असं तिसऱ्यांदा विचारणारे तेच असतात.

फेब्रुवारीत मधला आकडा ३८ वरून एकदम १९ वर आला. मी खूश, डॉक्टर खूश, चहा झाला. पण दवाखाना बंद व्हायची वेळ तीच होती आणि रुग्ण तेवढेच होते. मग वेळ गेला कुठे? बिलाची वेळ आमच्या बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये आपोआप पडते, तिच्यात कोणाला हात घालता येत नाही. 'आत घेतलं' पासून बिलापर्यंतचा वेळ काढला, तर तो ९ मिनिटांवरून २६ वर गेलेला. झालं असं होतं की डॉक्टरांच्या खोलीबाहेर बीपी मोजायचा बाक आहे, आणि ताई रुग्णाला तिथे बसवलं की 'आत' ची वेळ टाकत होत्या. त्यांचं काही चुकलं नव्हतं. आकडा स्क्रीनवर, आकडा त्यांच्या नावावर, आणि 'आत' म्हणजे कुठे हे मी कधी सांगितलंच नव्हतं. आता वेळ डॉक्टरांच्या खोलीच्या दारात पडते. आकडा ३४ वर आला आणि चहा बंद झाला. काउंटरवरच्या कोणाच्या नावापुढे तो आता लावत नाही, दवाखान्याचा म्हणून ठेवतो.

हा आकडा कामी आला तो असा: तासाच्या वरचे जवळपास सगळे साडेदहा ते बारामध्ये सापडले. खेड्यांवरच्या एसटी आणि काळीपिवळ्या साधारण एकाच सुमाराला येतात, लोक एकदम उतरतात. धाकटे डॉक्टर अकराला बसायचे, ते दहाला बसायला लागले. मार्चमध्ये बाजाराच्या दिवशी तासावरचे वीस-बावीस असायचे, आता सात-आठ असतात.

आता बीपी-शुगरच्या परत येण्याकडे येतो. आमचे बहुतेक रुग्ण तीस दिवसांच्या गोळ्या घेऊन जातात. चिठ्ठीवर पुढची तारीख असते. त्या तारखेपासून सात दिवसांत आला तर वेळेवर, अशी व्याख्या केली. भाच्याच्या मूळ खणात 'या महिन्यात आलेले जुने रुग्ण' असा आकडा होता, आणि तो दर महिन्याला वाढत होता. वाढणारच, कारण यादीच वाढत होती. कोण आलं यापेक्षा कोणाला यायचं होतं, हे भागाकारात खाली असायला हवं होतं.

ते केलं आणि दुसरा खड्डा लागला. जानेवारीत साठ जणांना यायचं होतं. ३१ तारखेला शीटने दाखवलं, एकतीस आले, म्हणजे निम्मेच. मी घाबरून मोठ्या डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, "अठ्ठावीस तारीख दिलेल्या माणसाचे सात दिवस झाले का अजून?" नव्हते झाले. सगळ्यांची मुदत सरली तेव्हा आकडा साठात एक्केचाळीस आला. चालू महिना नेहमी पडलेला दिसायचा आणि मागचा सुधारलेला, ते यामुळेच. आता ज्यांची मुदत उलटली तेवढेच मोजतो. C मध्ये ठरलेली तारीख, G1 आणि G2 मध्ये महिन्याची सुरुवात आणि शेवट, E मध्ये वेळेवर आला तर 1:

```
=COUNTIFS(C:C,">="&G1,C:C,"<="&MIN(G2,TODAY()-8))
=COUNTIFS(C:C,">="&G1,C:C,"<="&MIN(G2,TODAY()-8),E:E,1)
```

टक्केवारी स्क्रीनवर ठेवत नाही, '४१ / ६०' असंच लिहितो. महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात खाली बारा-पंधराच असतात, तेव्हा एक माणूस न आला तरी टक्के सात-आठने हलतात आणि उगाच धाबं दणाणतं.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, महिन्यात हा आकडा खरंच पडला. न आलेल्यांना फोन लावले, तर तेवीस बायकांपैकी सोळा माहेरी होत्या. खान्देशात आखाजीला लेकी माहेरी येतात, झोके बांधले जातात, आठ-पंधरा दिवस मुक्काम असतो. गोळ्यांची डबी सासरी राहिली किंवा संपली. मोठ्या डॉक्टरांनी ठरवलंय की पुढच्या वर्षी ज्यांची बीपी-शुगर ठीक चालू आहे त्यांना आखाजीच्या आधी पंचेचाळीस दिवसांची चिठ्ठी द्यायची. कोणाला द्यायची ते डॉक्टरच ठरवतील, शीट फक्त यादी काढून देणार. त्याच फोनांत आणखी एक कळलं. सात जण जुनी चिठ्ठी दाखवून मेडिकलवरून गोळ्या घेत होते. म्हणजे आमच्या आकड्यात 'आला नाही' असलेला प्रत्येकजण औषध बंद केलेला नसतो. हे कळायला फोनशिवाय मार्ग नाही, आणि आठवड्याला दहा-बारा फोनच जमतात.

उधारीचं थोडक्यात. एकूण उधारी हा आकडा आमच्याकडे शेतीबरोबर वरखाली होतो. कापूस विकला की डिसेंबर-जानेवारीत लोक स्वतःहून आणून देतात, पेरणीच्या तोंडावर बी-बियाण्यात पैसा अडकतो आणि उधारी फुगते. त्यावरून दवाखान्याचं काही कळत नाही. म्हणून फक्त साठ दिवसांहून जुनी उधारी ठेवली आणि किती जणांची आहे ते शेजारी. बिल-जमेच्या फरकाचं तर त्याहून सोपं: रोकड आणि यूपीआय मिळून जमा बिलांशी जुळली नाही असे दिवस महिन्यात किती, एवढंच. रक्कम नाही, दिवस. वीस रुपयांचा फरक असो की दोन हजारांचा, दोन्हीच्या मागे बहुतेकदा नोंद राहून गेलेली असते, आणि ती त्याच संध्याकाळी सापडते, आठवड्याने नाही.

तक्रारी आहेतच. पावसाळ्यात इंटरनेट जातं, मग कागदावर वेळा लिहून रात्री भरायच्या आणि त्या दिवसाची मिनिटं गोल-गोल येतात: दहा, वीस, तीस. अशा दिवसांवर मी पिवळा रंग टाकतो आणि ते मोजत नाही. शिवाय तातडीचा रुग्ण रांग मोडून आत जातो, त्याचे दोन मिनिटं मधला आकडा उगाच खाली ओढतात. त्यांच्यासाठी वेगळी खूण करायची म्हणतोय, अजून केलेली नाही. आणि भाचा अजूनही दर रविवारी फोन करून विचारतो, "मामा, पाय चार्ट का काढला?"