आठ महिने XIRR वापरल्यावर: गडबड सूत्रात नव्हती, तारखांत होती

माझी एसआयपी नावापुरतीच मासिक. काही महिने चुकतात, तर एखाद्या वेळी दुप्पट रक्कम जाते. त्यामुळे ३०,००० घातले, ३२,००० झाले, म्हणजे ६.६७ टक्के, एवढ्याने काही कळत नाही. कोणता पैसा किती दिवस गुंतला होता हे त्यात येतच नाही. म्हणून आठ महिन्यांपूर्वी स्प्रेडशीटमध्ये XIRR साठी हा तक्ता केला; प्रत्येक रक्कम आणि तिची तारीख धरून वार्षिक परतावा काढणारे हे सूत्र:

```
A           B
05/01/2024  -5000
05/02/2024  -5000
08/04/2024  -5000
10/06/2024  -10000
05/09/2024  -5000
06/01/2025  32000

=XIRR(B1:B6,A1:A6)
```

खिशातून गेलेले पैसे उणे, आणि शेवटच्या ओळीत त्या दिवसाच्या एनएव्हीने येणारे मूल्य अधिक. सगळ्या रकमा एकाच चिन्हाच्या असल्या तर #NUM! येते. मार्चसारखे जे हप्ते चुकले होते, त्यांच्या ओळी लिहिल्याच नाहीत.

उत्तर आले ७.४८ टक्के. फंडाच्या ॲपवर मात्र ९.७ दिसत होते. ॲपवाले फुगवून दाखवतात, असे मी दोन महिने धरून चाललो होतो.

चूक माझीच होती. शीटचे लोकेल अमेरिकेचे होते, म्हणजे तिथे आधी महिना आणि मग दिवस. 05/02/2024 ही ५ फेब्रुवारी न राहता २ मे झाली, आणि शेवटची तारीख १ जून २०२५ वर गेली. माझ्या सगळ्या तारखा १२ च्या आतल्या, त्यामुळे शीटने हूं की चूं केले नाही. एखादा हप्ता २० तारखेचा असता तर तो मजकूर म्हणून डावीकडे चिकटला असता, #VALUE! आले असते आणि मी लगेच सावध झालो असतो. लोकेल भारताचे केले तरी आधी भरलेल्या तारखा आपोआप सुधारत नाहीत. त्या पुन्हा टाइप केल्या आणि उत्तर ९.७२ आले. आता तारखेच्या रकान्याला dd-mmm-yyyy फॉरमॅट देतो. महिना अक्षरांत दिसला की चूक लपत नाही.

दुसरा प्रश्न, तारीख कोणती घालायची? मी बँकेतून पैसे कापल्याची घालत असे. पण फेब्रुवारी २०२१ पासून पैसे फंडाकडे पोचल्यावरचीच एनएव्ही लागते, त्यामुळे युनिट एक-दोन दिवसांनी मिळू शकतात, आणि मध्ये सुट्टी आली तर आणखी उशिरा. ॲपशी ताळा घालायचा तर स्टेटमेंटमधली युनिट वाटपाची तारीख घ्यावी. खिशातून पैसे गेल्यापासूनचा हिशेब हवा असेल तर बँकेची. एकाच तक्त्यात दोन्ही मिसळू नयेत, एवढेच. रक्कम मात्र पूर्ण ५,००० लिहावी. स्टेटमेंटवर ४,९९९.७५ दिसते, कारण २५ पैसे मुद्रांक शुल्कात जातात, पण तेही आपल्याच खिशातले.

एक तक्रार सूत्राबद्दलही आहे. नवीन फंडात तीन महिन्यांपूर्वी एकरकमी घातलेले पैसे ४ टक्क्यांनी वाढले, तर XIRR जवळपास १७ दाखवतो, कारण तीच गती वर्षभर टिकेल असे तो धरतो. वर्ष भरेपर्यंत त्या फंडासमोर मी XIRR चा रकाना रिकामाच ठेवतो.