टॅक्स परत मिळाला, पण रुपयांत घेतला आणि तिथेच फसले

पॅरिसच्या दुकानात टॅक्स रिफंड घेताना गेले ६५८ रुपये. एवढ्याशा पैशांसाठी इतकं कशाला लिहितेस, असं घरात सगळ्यांचं म्हणून झालंय. पण खिसा कापला असता तर निदान आरडाओरडा तरी केला असता. इथे माझ्यासमोर स्क्रीन धरली, गोड हसून बोट कुठे लावायचं ते दाखवलं आणि मी लावलं. राग त्याचा आहे. आमच्या पुढच्या ग्रुपमधल्या बायका त्याच दुकानात जाणार आहेत, म्हणून लिहिते.

मे २०२४मध्ये आम्ही पॅरिसला होतो. सुनेसाठी एका मोठ्या दुकानातून १,२०० युरोंची बॅग घेतली. पैसे देताना मशीनवर विचारलं, रुपये की युरो? मी ठणकावून युरो दाबलं. परदेशात कार्ड मशीनवर रुपये दाबायचे नाहीत, हे मला पाठ आहे. जाऊबाईंनाही मीच शिकवलं होतं. बँकेने ९०.४० दर लावला, त्यावर साडेतीन टक्के मार्कअप आणि मार्कअपवर जीएसटी, असे एकूण १,१२,९६०.२२ रुपये कार्डावर पडले. महाग, पण अपेक्षित. आयुष्यभर अकाउंट्समध्ये काम केलेली बाई आहे मी, उगीच कोणी भोळीभाबडी समजू नये.

मग पाचव्या मजल्यावर टॅक्स रिफंडचा काउंटर. युरोपियन युनियनच्या बाहेर राहणाऱ्याने फ्रान्समध्ये एकाच दुकानात १०० युरोंपेक्षा जास्त खरेदी केली, तर व्हॅट परत मिळतो. पासपोर्ट दाखवायचा, ते फॉर्म काढून देतात. टूर मॅनेजर बसमध्ये सांगत होता, "वीस टक्के परत!" वीस टक्के असतात ते मूळ किमतीवर. बिलाच्या रकमेत टॅक्स असतो एक षष्ठांश. म्हणजे १,२०० मध्ये २००, २४० नव्हे. आणि तेही सगळे मिळत नाहीत. माझ्या फॉर्मवर रिफंड होता १४४ युरो, बिलाच्या बारा टक्के. मधले ५६ युरो रिफंड कंपनीची फी. ही फी बघूनच माझं डोकं तापलं होतं, पण ती निदान छापलेली होती. युरोच्या आकड्यात होती, दिसत होती. तिथे मी वाद घातला नाही.

आणि डोकं फीवर तापलेलं असतानाच काउंटरवरच्या मुलीने टॅब्लेट पुढे केला.

स्क्रीनवर दोन चौकोन. वरचा मोठा, रंगवलेला: INR 12,232.80. खाली बारीक करड्या अक्षरांत EUR 144.00. वरच्या चौकोनाखाली 1 EUR = 84.95 INR आणि शेजारी लिहिलेलं की दर आजच पक्का, नंतर बदलणार नाही. ती म्हणाली, "युवर करन्सी, मॅडम, नो बँक फी." मी तो ८४.९५ आकडा वाचला. नीट वाचला! आणि खरं सांगते, मला तो बरा वाटला. सहलभर मी एकच हिशेब करत होते: युरो नव्वदच्या वर गेला की महाग, खाली आला की स्वस्त. कॉफी घेताना तोच हिशेब, मेट्रोच्या तिकिटाला तोच. इथे चौऱ्याऐंशी दिसला आणि मेंदूने सवयीने शेरा मारला, वा, कमी लावलाय.

अहो, पण आता मी युरो विकत घेत नव्हते, विकत होते! पैसे देताना आकडा कमी हवा, पैसे घेताना जास्त हवा. दर त्याच पद्धतीने लिहिलेला, स्क्रीन तशीच, फक्त पैशाची दिशा उलटी. पैसे जाताना आपण सावध असतो. पैसे येताना कोण सावध असतं? जे येतंय ते फुकटच आहे असं वाटतं, आणि नेमकं त्यावरच यांचं पोट चालतं. मागे रांग होती, नवरा घड्याळ दाखवत होता, बस खाली उभी होती. कुणीही तेच केलं असतं. पण त्या करड्या अक्षरांकडे माझी नजर गेली होती, हे मला अजून टोचतं.

जाऊबाईंनी त्याच दिवशी दुसऱ्या दुकानात ४५० युरोंची खरेदी केली. त्यांचा रिफंड ५४ युरो. त्यांना असली स्क्रीन कोणी दाखवलीच नाही, फॉर्मवर युरोच होते. दोघींचं कार्ड एकाच बँकेचं आणि पैसे एकाच आठवड्यात जमा झाले. त्यांच्या कार्डावर ५४ युरोंचे ४,८३४.०८ रुपये आले. म्हणजे दर ८९.५२ पडला, आणि बँकेने वेगळं काही कापलं नाही. त्याच दराने माझ्या १४४ युरोंचे १२,८९०.८८ व्हायला हवे होते. आले १२,२३२.८०. फरक ६५८.०८. 'नो बँक फी' खरंच होतं, बँकेने फी घेतलीच नाही. कंपनीने दरातच पाच टक्के घातले आणि पावतीवर फी नावाची ओळच आली नाही.

म्हणूनच हे पकडता येत नाही. जाऊबाई नसत्या तर मला कधीच कळलं नसतं. कोण बघतं नंतर त्या दिवशीचा दर? बघायचा असेल तर युरोपियन सेंट्रल बँक कामाच्या दिवशी युरोचा संदर्भ दर जाहीर करते, त्यात रुपयाही असतो. दुकानात उभ्या-उभ्या मोबाइलवर दिसतो. त्याच्याहून रुपया-दीड रुपया इकडेतिकडे समजू शकते. पाच रुपये नाही.

आता तक्रारीचं ऐका. शार्ल द गोल विमानतळावर सामान देण्याआधी रिफंडचे फॉर्म मंजूर करणारं ते 'पाब्लो'चं मशीन असतं, फॉर्मचा बारकोड धरायचा, हिरवं झालं की काम झालं. ते व्यवस्थित झालं. शेजारी कस्टम्सचा काउंटर होता, तिथे सहज विचारलं की रक्कम बरोबर आहे ना. उत्तर: माल देशाबाहेर जातोय एवढंच आम्ही बघतो, किती पैसे आणि कशात हे दुकान आणि कंपनी. ठीक, त्यांचं काम तेवढंच असेल. पण मग बदल करायचा तर? हिरवं व्हायच्या आधी दुकानात जाऊन फॉर्म रद्द करून नवा काढता आला असता, हे मला नंतर कळलं. हे दुकानात कोणी सांगत नाही, विमानतळावर कळून उपयोग नाही. दुकान शहरात, मी विमानतळावर, विमान दीड तासात.

घरी आल्यावर बँकेला फोन. बँक म्हणते, मॅडम, आमच्याकडे रक्कम रुपयांतच आली, आम्ही रूपांतर केलंच नाही, आमचा संबंध नाही. (जेव्हा मार्कअप घ्यायचा असतो तेव्हा संबंध बरोबर असतो.) मी म्हटलं, खरेदीवर साडेतीन टक्के घेतलेत, त्यातले रिफंडच्या वाट्याचे तरी परत द्या. तर म्हणे, मार्कअप परत होत नाही, नियमात आहे. कुठल्या नियमात? लिंक पाठवतो. लिंक आली, त्यात क्रेडिट कार्डाच्या अटींची पानंच्या पानं. रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाणार होते, पण तिथे तक्रार बँकेविरुद्ध करता येते आणि या प्रकरणात बँकेने शब्दशः काहीच केलेलं नाही. ग्राहक हेल्पलाइनवर १९१५ लावला. समोरच्या मुलाने सगळं ऐकून घेतलं, कंपनी भारतात आहे का विचारलं, आणि मग फ्रान्सच्या यंत्रणेकडे जा म्हणाला. तिकडे शोधलं तर परदेशी खरेदीच्या तक्रारी घेणारी युरोपियन ग्राहक केंद्रं तिथल्या रहिवाशांसाठी. म्हणजे टॅक्स परत मिळतो तो मी तिथली रहिवासी नाही म्हणून, आणि तक्रार घेत नाहीत तीही मी तिथली रहिवासी नाही म्हणून!

रिफंड कंपनीचं ईमेल सर्वांत छान. 'आपण आपल्या चलनाचा पर्याय स्वतः निवडला आहे, विनिमय दरात आमचे मार्जिन समाविष्ट आहे, हे अटींमध्ये नमूद आहे.' सोबत माझ्या बोटाने केलेल्या सहीचा फोटो. सही माझीच. मी पुन्हा लिहिलं की रुपयांचा चौकोन मोठा आणि युरोचा करडा का? त्यावर आजतागायत उत्तर नाही.

तेव्हा बायांनो, ती स्क्रीन आली की EUR वर बोट ठेवायचं, मुलगी काहीही म्हणू दे. स्क्रीन दाखवलीच नाही तर छापलेल्या फॉर्मवर चलनाची ओळ वाचा. INR दिसलं तर तिथेच काउंटरवर फॉर्म बदलून मागा, हॉटेलवर गेल्यावर नाही. युरोंनी भरलेलं फॉरेक्स कार्ड असेल तर त्याचाच नंबर द्या आणि युरोच मागा, युरोचे युरोच राहतात. फक्त परत आल्यावर लगेच ते कार्ड बंद करू नका, पैसे यायला आठवडे लागतात. क्रेडिट कार्ड देणार असाल तर रिफंड जमा करताना बँक काही कापते का, ते निघण्याआधी विचारून ठेवा, सगळ्या बँका सारख्या नाहीत. आमच्या दीरांनी विमानतळावर रोख घेतले. तिथे रोखीची फी वेगळी कापली आणि वर पुन्हा तोच प्रश्न, कुठल्या चलनात? त्यांनी युरो घेतले, तेवढं तरी बरं केलं. उरलेले युरो पुढच्या सहलीला चालतात.

आणि टूर मॅनेजरने वीस टक्के सांगितले तर बिलाला बाराने गुणून शंभराने भागा, साधारण तेवढे येतील असं धरा. बॅग बावीस हजारांनी स्वस्त पडेल असं समजून माझ्यासारखी महागातली घेऊ नका. बॅग विकणाऱ्या मुलीने तर मला रिफंड धरून किंमत सांगितली होती, तीही वीस टक्क्यांनीच.