नोट्स विकताय? पैसे कुठे घ्यायचे: थेट यूपीआय, पेमेंट गेटवे की नोट्सवाली साईट

माझी मामेबहीण घणसोलीला राहते, बीकॉमच्या दुसऱ्या वर्षाला आहे, आणि तिच्या कॉस्ट अकाउंटिंगच्या नोट्स खरंच बघण्यासारख्या आहेत. मॉड्यूलप्रमाणे वेगळ्या पीडीएफ, सुरुवातीला अनुक्रमणिका, त्यातल्या नावावर टॅप केलं की थेट त्या पानावर जातं, प्रत्येक गणिताच्या शेजारी ते कुठल्या वर्षी आलं होतं ते लिहिलेलं. सगळं स्वतःचं बरं का, सरांच्या हँडआऊटचे फोटो काढून विकलेले नाहीत, ते केलं असतं तर हा सगळा विषयच वेगळा झाला असता. सेटची किंमत १४९ रुपये. आता तिच्यासारखं काही सुरू करायचं असेल तर पहिला प्रश्न सगळे एकच विचारतात, कमिशन कुठे कमी जातं. मी ठाण्यात एका ऑफिसात अकाउंट्स बघतो, तर माझं म्हणणं असं की कमिशन नंतर बघा, आधी पैसे खात्यात कोणत्या तारखेला पडतात ते बघा. कारण नोट्सचा खप वर्षभर नसतो, तो परीक्षेच्या आधीच्या चार दिवसांत होतो आणि खर्च मात्र आपल्या तारखेला येऊन उभा राहतो.

तिच्यासमोर तीन रस्ते होते. एक म्हणजे थेट आपला यूपीआय क्यूआर द्यायचा आणि पैसे आले की पीडीएफ पाठवायची. दुसरा, पेमेंट गेटवेची लिंक, ज्यात पैसे भरले की फाईल आपोआप जाते. तिसरा, नोट्स विकणारी तयार साईट, जिथे आपण फक्त अपलोड करायचं.

आधी थेट यूपीआय. पैसे काही सेकंदांत खात्यात, रविवार असो की दिवाळी, आणि कापलं काहीच जात नाही. वेळेच्या हिशोबात ह्याला तोड नाही. पण ह्यात तुम्ही स्वतःच कॅशियर आणि स्वतःच डिलिव्हरी बॉय. परीक्षेच्या आदल्या रात्री एक वाजता मेसेज येतो, "ताई पेमेंट केलंय, लवकर पाठव ना", सोबत स्क्रीनशॉट. स्क्रीनशॉट जुना असू शकतो, एडिट केलेला असू शकतो, खोटी पेमेंट स्क्रीन दाखवणारी ॲप्ससुद्धा फिरतात, आणि बँकेसारखा दिसणारा एसएमएस कुणीही पाठवू शकतो. म्हणून तपासायचं एकच ठिकाण, आपलं बँकेचं ॲप उघडून तिथली जमा नोंद, आणि समोरच्याने दिलेला १२ आकडी यूपीआय रेफरन्स नंबर त्या नोंदीशी जुळतो का. आठदहा जण असतील तर जमतं, पन्नास जण असतील तर तुमचा स्वतःचा अभ्यास गेला. शिवाय क्यूआर अनोळखी ग्रुपमध्ये फिरला की कुठून कुणाचे पैसे येतायत कळत नाही, आणि त्यातला एखादा पैसा फसवणुकीच्या साखळीतला निघाला तर सायबर पोलिसांच्या सांगण्यावरून बँक खात्यातली तेवढी रक्कम, कधी अख्खं खातंच अडकवते. घाबरवायला नाही सांगत, पण घरखर्चाचं किंवा स्कॉलरशिपचं खातं ह्यासाठी वापरू नका, वेगळं बचत खातं उघडा.

आता गेटवे, म्हणजे जो रस्ता तिने निवडला आणि जिथे खरी गोष्ट घडली.

गेटवेमध्ये ग्राहकाने पैसे भरले की ते तुमच्या खात्यात येत नाहीत, रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ते आधी एका एस्क्रो खात्यात जातात आणि तिथून ठरलेल्या दिवशी तुम्हाला मिळतात, ह्याला सेटलमेंट म्हणतात. डॅशबोर्डवर captured दिसतं म्हणजे ग्राहकाकडून पैसे घेतले गेले, तुम्हाला मिळाले असं नाही, तुम्हाला मिळाले हे settled दिसल्यावर आणि सोबत UTR, म्हणजे बँकेतल्या त्या व्यवहाराचा नंबर, आल्यावर समजायचं. तिच्या गेटवेचं वेळापत्रक होतं T+2, म्हणजे विक्रीच्या दिवसानंतर कामकाजाचे दोन दिवस. दर २ टक्के, आणि त्या २ टक्क्यांवर १८ टक्के जीएसटी, म्हणजे शंभरामागे दोन रुपये छत्तीस पैसे. कमिशनच्या दृष्टीने काहीच नाही.

तिचा पेपर होता १५ एप्रिलला. गुरुवार ९ तारखेला ९ सेट गेले, मग शुक्रवार ते रविवार ५१. एकूण ६०, म्हणजे ८,९४० रुपये, घरात आनंदीआनंद, मामी तर सगळ्यांना फोन करून सांगत होती. गेटवेचा चार्ज जाऊन हातात येणार होते साधारण ८,७२९. आता तारखा बघा. ११ एप्रिल दुसरा शनिवार, बँका बंद. १२ रविवार. १४ मंगळवार, आंबेडकर जयंती, पुन्हा बंद. गुरुवारच्या विक्रीचे दोन कामाचे दिवस झाले शुक्रवार आणि सोमवार, म्हणून सोमवारी १३ ला आले फक्त ९ सेटचे, १,३०९ रुपये. शुक्रवारच्या विक्रीला पहिला दिवस सोमवार आणि दुसरा थेट बुधवार, शनिवार-रविवारचंही तेच. म्हणजे उरलेले ७,४२० रुपये १५ तारखेला.

आणि तिच्या टॅबचा हप्ता होता १४ तारखेला, २,६५० रुपये. खात्यात आधीचे ९०० होते, त्यात १,३०९ धरून २,२०९. तिला वाटलं सुट्टी आहे तर हप्ता पण दुसऱ्या दिवशी जाईल, जसे पैसे दुसऱ्या दिवशी येतायत तसेच. इथेच सगळी गंमत आहे. हप्ते ज्या यंत्रणेतून आपोआप कापले जातात ती नॅच यंत्रणा १ ऑगस्ट २०२१ पासून आठवड्याचे सगळे दिवस चालते, सुट्टीच्या दिवशीसुद्धा, म्हणजे जाणाऱ्या पैशाला सुट्टी नाही, पण येणाऱ्या सेटलमेंटला आहे. १४ ला हप्ता बाऊन्स झाला. बँकेने ५०० अधिक जीएसटी मिळून ५९० रुपये लावले, आणि डॅशबोर्डवर त्याच वेळी साडेसात हजार captured दिसत होते. गेटवेने संपूर्ण विक्रीवर कापले २११ आणि एका दिवसाच्या उशिराने गेले ५९०, म्हणून म्हटलं कमिशन नंतर बघा.

पर्याय नव्हता का, तर होता, बऱ्याच गेटवेमध्ये थोडा जादा चार्ज देऊन लगेच सेटलमेंट मागता येते, ५९० च्या मानाने तो चार्ज किरकोळच पडतो. पण नवीन खात्याला ती सोय लगेच मिळेलच असं नाही, तिला मिळाली नव्हती. म्हणून गेटवे घेणार असाल तर साईनअप करतानाच दोन गोष्टी बघून घ्या, तत्काळ सेटलमेंट कधीपासून चालू होते आणि पहिल्या सेटलमेंटला काही वेगळी मुदत आहे का. आणि केवायसी परीक्षेच्या तोंडावर करू नका. पॅनवरचं नाव आणि बँकेतलं नाव जुळायला लागतं, बँक पासबुकात फक्त आडनाव आधी आणि वडिलांचं नाव मध्ये असं असलं तरी कधीकधी अर्ज परत येतो, खातं तपासायला एक रुपया पाठवतात तो जमा झाला का तेही बघा. केवायसी अडकली की सेटलमेंट थांबते, विक्री मात्र दिसत राहते.

रिफंडचंही लक्षात ठेवा. चुकून दुसऱ्या विषयाचा सेट घेतलेल्या एका मुलाला तिने १४९ परत दिले, ते पुढच्या सेटलमेंटमधून वजा झाले आणि गेटवेचा चार्ज काही परत आला नाही. रक्कम छोटी आहे, पण हिशोब जुळत नाही म्हणून रात्रभर शोधत बसाल.

तिसरा रस्ता नोट्सवाली साईट. ह्यावर मी फार वेळ घालवणार नाही. तिने जी साईट पाहिली ती ३० टक्के ठेवून घेते, आणि महिनाभराची विक्री पुढच्या महिन्याच्या १५ तारखेला देते, तेही किमान १,००० जमले असतील तर, नाहीतर रक्कम पुढच्या महिन्यात ढकलली जाते. त्याच ६० सेटचे तिथे ६,२५८ मिळाले असते, १५ मे ला. फायदा एकच पण मोठा, ग्राहक त्यांचे असतात, नागपूर-कोल्हापूरचा मुलगा तुमच्या नोट्सपर्यंत पोचतो, जो तुमच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये कधीच नसता. पॅन मात्र भरा, अशा साईटना विक्रेत्याच्या रकमेतून टीडीएस कापायला लागतो, पण व्यक्तीची वर्षाची विक्री ५ लाखांच्या आत असेल आणि पॅन किंवा आधार दिलेलं असेल तर कापत नाहीत, दिलेलं नसेल तर ५ टक्के जातात.

मग काय घ्यायचं? स्वतःच्या वर्गापुरतं, ओळखीतल्या वीसेक जणांना विकायचं असेल तर यूपीआयच, गेटवेच्या भानगडीत पडू नका. ओळखीबाहेर जायचं असेल आणि खप तीन-चार दिवसांत कोंबलेला असेल तर गेटवे, पण हप्ता, रिचार्ज, फी जे काही असेल त्याच्या आधी निदान पाच-सहा दिवसांचं अंतर ठेवून विक्री सुरू करा. साईट घ्यायची तर ते पैसे ह्या महिन्याचे नाहीतच असं समजून घ्या. बहिणीने आता दोन्ही ठेवलंय, वर्गातल्यांना यूपीआय, बाहेरच्यांना लिंक. आणि किंमत उलटी लावली, परीक्षेच्या दहा दिवस आधी घेतलं तर ११९, शेवटच्या चार दिवसांत १४९. तीस रुपये सोडून निम्मा खप आधीच्या दिवसांत ओढला, त्यामुळे हप्त्याच्या आधी खात्यात काहीतरी पडलेलं असतं.

हिवाळी सेमिस्टरला तर जास्तच जपा, कारण ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये परीक्षा आणि दिवाळी एकमेकांना खेटून येतात, लक्ष्मीपूजन, पाडवा आणि मध्ये एखादा रविवार असं लागून आलं की T+2 चे पाच दिवस सहज होतात. रिझर्व्ह बँकेच्या सुट्ट्यांच्या यादीत बेलापूरचा वेगळा कॉलम आहे, नवी मुंबईकरांनी तो बघावा, पण तेवढ्यावर थांबू नका, गेटवेचं ऑफिस आणि बँक बंगळूरला असेल तर तिकडची सुट्टीही तुमचं सेटलमेंट पुढे ढकलू शकते. गेटवेच्या डॅशबोर्डवर त्यांची स्वतःची सुट्ट्यांची यादी असेल तर ती आणि प्रत्येक पेमेंटसमोरची अपेक्षित सेटलमेंटची तारीख, हे दोन्ही बघा आणि मगच लिंक ग्रुपमध्ये टाका.