ई-इनव्हॉइसच्या फोटोतून आयआरएन टिपायचा: ओसीआर की क्यूआर?

पुरवठादाराचं बिल स्कॅन होऊन येतं आणि त्यातून तीन गोष्टी खरेदी नोंदीत उतरवायच्या असतात: ई-इनव्हॉइस पोर्टलवर बिल नोंदवल्यावर मिळणारा आयआरएन, आणि त्या नोंदणीच्या पोचेचा ॲक नंबर आणि ॲक तारीख. वाटा दोन. पानावर छापलेला मजकूर ओसीआरने वाचायचा, किंवा बिलावरचा क्यूआर उलगडायचा. दोन्ही वाटांनी काम होतं, आणि कुठली सोयीची हे बिलं कशी येतात यावर बरंचसं ठरतं. तरी माझा कल क्यूआरकडे आहे. त्याचं कारण एकच आहे.

आयआरएन म्हणजे 64 अक्षरांची हेक्स ओळ. पुरवठादाराचा जीएसटीआयएन, आर्थिक वर्ष, दस्तऐवजाचा प्रकार आणि क्रमांक यांचा तो एसएचए-256 हॅश. जीएसटीआयएनचं शेवटचं अक्षर तपासणीचं असतं, त्यामुळे वाचनात चूक झाली तर लगेच पकडता येते. आयआरएनमध्ये तशी सोय नाही. ओसीआरने `o` वाचला तर तो शून्यच असणार हे उघड आहे, कारण हेक्समध्ये `o` नसतोच. `l` चा 1 आणि `s` चा 5 सुद्धा असाच सुधारता येतो. पण `b` च्या जागी 6 आला किंवा 8 च्या जागी `b` आला, तर दोन्ही अक्षरं हेक्समध्ये चालतात आणि ओळ दिसायला अगदी बरोबर राहते. ओसीआर दर अक्षराला 99.5 टक्के अचूक धरला, तरी 64 अक्षरं सलग बरोबर येण्याची शक्यता 0.995 चा 64 वा घात, म्हणजे सुमारे 73 टक्के. दर चार बिलांमागे एकाचा आयआरएन कुठेतरी चुकलेला, आणि कुठला ते ओळ पाहून कळत नाही. त्यात बऱ्याच बिलांवर आयआरएन दोन ओळींत मोडलेला असतो आणि पहिल्या ओळीच्या शेवटी जोडरेघ असते. ती काढली नाही तर 65 अक्षरं भरतात. दुसरी ओळ शेजारच्या रकान्यात मिसळली तर काहीही भरतं. माझ्यापुरता निकाल इथेच लागला.

क्यूआरमध्ये हा प्रश्नच येत नाही. क्यूआरमध्ये चूक सुधारण्याची सोय अंगचीच असल्यामुळे तो एकतर पूर्ण बरोबर वाचला जातो किंवा अजिबात वाचला जात नाही. आत बिंदूंनी जोडलेले तीन तुकडे असतात, त्यातला शेवटचा पोर्टलच्या डिजिटल सहीचा. मधला तुकडा उघडला की मजकूर हाती येतो. `data` ही चावी स्वतःच जेसन मजकूर धरून असते, म्हणून ते दोनदा उलगडावं लागतं. पहिल्यांदा करणारे बहुतेक इथेच अडतात.

```python
import base64, json
def einv(qr):
    p = qr.split(".")[1]
    p += "=" * (-len(p) % 4)
    outer = json.loads(base64.urlsafe_b64decode(p))
    return json.loads(outer["data"])
```

आयआरएन `Irn` या चावीत मिळतो. समजा, कामाच्या बाकी चाव्या अशा मिळाल्या:

```
DocNo:     PN/0457/25-26
DocDt:     12/08/2025
TotInvVal: 118000
IrnDt:     2025-08-14 18:42:00
```

बिलावर छापलंय: दिनांक 12-Aug-25, ॲक तारीख 14-Aug-25, एकूण 1,18,000.00. ॲक तारीख `IrnDt` शी ताडायची, `DocDt` शी नाही. बिल 12 तारखेचं आणि नोंदणी 14 ची, यात गैर काही नाही. ॲक तारीख बिलाच्या आधीची निघाली तर मात्र थांबायचं. छापलेल्या तारखेत बहुधा वेळ नसते, म्हणून तुलना फक्त दिवसाची. बिल क्रमांक ताडताना दोन्हीकडची अक्षरं कॅपिटल करून घ्या, कारण 1 जून 2025 पासून पोर्टल क्रमांक कॅपिटल करूनच आयआरएन काढतं.

छापील आयआरएनसाठी ओसीआर इथे पुन्हा उपयोगी पडतो, पण टिपायला नाही, फक्त ताडायला. क्यूआरमधला आयआरएन आणि ओसीआरने वाचलेला आयआरएन शेजारी ठेवून किती जागी फरक आहे ते मोजायचं. दोन-चार जागी फरक असेल तर ओसीआर चुकला असं समजा. क्यूआर दुसऱ्याच बिलाचा असेल तर 64 पैकी साधारण 60 जागी फरक येतो, कारण दोन वेगळे हॅश योगायोगानेच जुळतात. मधलं काही उरतच नाही, त्यामुळे दहाची मर्यादा ठेवली तरी पुरते. मोजण्याआधी जोडरेघ आणि मोकळ्या जागा तेवढ्या काढून टाका.

आता क्यूआरची बाजू जिथे लंगडी पडते ते. ॲक नंबर त्यात नसतोच. बरेच जण तो शोधत बसतात. तो 15 आकडी नंबर छापील मजकुरातूनच घ्यावा लागतो. सगळे आकडेच असल्याने ओसीआरला तो सोपा जातो. 15 आकडे भरले नाहीत तर बिल हाताने तपासायला बाजूला काढायचं. एक्सेलमध्ये तो मजकूर म्हणूनच ठेवा, नाहीतर `1.12E+14` असं काहीतरी दिसत राहतं. खात्री करायचीच असेल, तर पोर्टलवरून उतरवलेल्या सहीच्या जेसनमध्ये `AckNo` असतो. जीएसटीआर-2बी मध्ये आयआरएन आणि त्याची तारीख मिळते, ॲक नंबर नाही.

दुसरी अडचण चित्राच्या दर्जाची. सही धरून क्यूआरमधला मजकूर हजार अक्षरांच्या आसपास जातो, त्यामुळे त्यात एका बाजूला शंभराहून अधिक चौकोन येतात. 110 धरले आणि क्यूआर 2.5 सेंटिमीटरचा छापला असेल, तर 300 डीपीआयच्या स्कॅनमध्ये एका चौकोनाला जेमतेम 2.7 पिक्सेल मिळतात, 200 डीपीआयवर 1.8. तीनच्या आसपास लागतात, म्हणून 300 च्या खाली जाऊ नये. व्हॉट्सॲपवर साध्या पद्धतीने पाठवलेल्या फोटोची लांब बाजू 1600 पिक्सेलच्या घरात येते. त्यात अख्खं ए4 पान बसवलं तर एका चौकोनाला सव्वा पिक्सेलसुद्धा नीट येत नाही. असा फोटो कितीही उजळ केला तरी वाचला जाणार नाही. तो डॉक्युमेंट म्हणून पुन्हा मागवणं हाच मार्ग. सगळी बिलं अशाच फोटोंच्या रूपात येत असतील आणि पुन्हा मागवणं शक्य नसेल, तर ओसीआर पत्करावा लागेल. मग निदान टिपलेला प्रत्येक आयआरएन 2बी शी ताडून घ्या.

एकाच बिलावर यूपीआयचा क्यूआरही असू शकतो. `upi://` ने सुरू होणारा सोडून द्यायचा. ई-इनव्हॉइसचा `eyJ` ने सुरू होतो.

सही तपासल्याशिवाय मात्र क्यूआरवर विसंबू नका. वरचा कोड सही तपासत नाही, आणि तसा मजकूर कुणीही तयार करू शकतं. नोंदणी पोर्टल आता एकाहून अधिक आहेत, त्यामुळे पहिल्या तुकड्यातल्या `kid` वरून त्या-त्या पोर्टलची सार्वजनिक किल्ली निवडावी लागते. एकच किल्ली कायमची बसवली तर खरी बिलंही खोटी ठरतात. सही बरोबर निघाली तरी आयआरएन नंतर रद्द झालाय का, हे क्यूआर सांगत नाही. पुरवठादार पोर्टलवर 24 तासांत आयआरएन रद्द करू शकतो, आणि छापलेला कागद तसाच राहतो. म्हणून `IrnDt` पासून 24 तास उलटल्यावर पोर्टलवर एकदा स्थिती पाहायची आणि मगच पैसे सोडायचे.