गाल आणि ललगा: बालकवितेतले दोन धावते ठेके, काही महिन्यांच्या वापरानंतर

बालकविता लिहिताना आणि मुलांकडून म्हणवून घेताना हे दोन ठेके आता बरेच महिने वापरात आहेत. इंग्रजी ट्रोकी म्हणजे आधी जड, मग हलकं अक्षर. लघू अक्षराला ल आणि गुरूला गा म्हणायच्या आपल्या लगावलीत गाल. अनापेस्ट म्हणजे दोन हलकी, मग एक जड; ललगा. इंग्रजीत आघात मोजतात, आपण मात्रा मोजतो. लघूची 1, गुरूच्या 2, म्हणून गालच्या होतात 3 मात्रा आणि ललगाच्या 4.

गाल फारसा त्रास देत नाही.

धाव धाव रे ढगा
मोर नाचतो बघा

अक्षरं 7, मात्रा 11. बाराव्या मात्रेला थांबायचं. तो थांबा गिळला की पुढची ओळ आदळते. पहिल्याच अक्षरावर जोर पडत असल्याने हाक, हट्ट, हुकूम यांना हा ठेका शोभतो.

खरं काम ललगाला लागतं. चार ललगा म्हणजे आपलं तोटक वृत्त.

ससुला पळतो दडतो बसतो
मग कान उभे करुनी हसतो

कागदावर दोन्ही ओळी निर्दोष आहेत, पण तोंडी म्हणून पाहा. 'पळतो'चं पळ्तो होतं, 'दडतो'चं दड्तो. मधला अ गिळला जातो, ललगाचं गागा होतं. मात्रा 4 भरतात, म्हणून ताल चुकत नाही. दौड मात्र संपते. 'ससुला', 'करुनी' यांत मधे उ आहे, तो गिळता येत नाही. 'न उभे'मध्ये शब्द तुटतो, म्हणून दोन्ही लघू सुटे ऐकू येतात. दौड हवी असेल तर दुसऱ्या लघूला इ किंवा उ द्यावा, नाहीतर तिथे शब्दाची सीमा आणावी. टाळी देऊन म्हटलं की लगेच कळतं: टाळ्यांच्या मधे दोन अक्षरं ऐकू आली पाहिजेत.

हाच ठेका भारदस्त विषयाची खिल्लीही उडवतो.

नृपती सजुनी चढती न पुरे
तर अश्व पुढे निसटून पळे

शब्द दरबारी आणि चाल उड्या मारणारी, म्हणून राजाचा रुबाब टिकत नाही. गालनेही खिल्ली उडवता येते. अमेरिकन कवी लाँगफेलोने 1855 साली 'हायावाथा'ची गंभीर कथा ट्रोकीत सांगितली. 1857 मध्ये लुईस कॅरोलने तोच ठेका घेऊन फोटो काढण्याची खटपट वर्णन केली आणि हसू आणलं.

अडचण येते ती खिल्ली नको असताना. 'चिमणी पडली, मग ती न उठे' या ओळीत नेमकं 'न उठे' उडी मारतं आणि मुलं हसतात. दोष मुलांचा नाही, चालीचा आहे. तिथे 'खाली चिमणी, डोळे मिटले' असं करावं. मात्रा त्याच 16, पण 'खाली' आणि 'डोळे' मुळातच गागा आहेत; 'चिमणी', 'मिटले' यांतला अ गिळला गेला की सगळी ओळ जड होते. इथे तो गिळलेला अ उपयोगी पडतो. मात्र अशा सलग दोनच ओळी ठेवाव्यात. तिसरीत ललगा परत आणला नाही तर मुलं रेंगाळतात आणि टाळी सैल पडते.